वाइनच्या लेबलवरची बारीक ओळ

नाशिकची असो वा फ्रान्सची, वाइनच्या बाटलीवर मागच्या बाजूला ‘कंटेन्स सल्फाइट्स’ असं बहुधा छापलेलं असतं. द्राक्षरसात किंवा तयार वाइनमध्ये पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड मिसळली की सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो नको असलेल्या जिवाणूंना आवर घालतो आणि ऑक्सिजनमुळे वाइन तपकिरी पडू देत नाही. रेड वाइनला सालीतल्या टॅनिनचं संरक्षण असतं; म्हणून व्हाइटमध्ये सहसा सल्फाइट जास्त लागतं. युरोपात ड्राय रेडसाठी लिटरमागे १५० मिलिग्रॅम, तर ड्राय व्हाइटसाठी २०० ही कमाल मर्यादा आहे.

ही ओळ प्रमाण मात्र सांगत नाही. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की ती छापावी लागते. मग आत २० असो वा १८०. ‘नो ॲडेड सल्फाइट्स’ म्हणजेही शून्य नव्हे, कारण रस आंबताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं. डोकेदुखीचं खापर त्याच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटने धाप लागते. त्यांनी बाटलीबरोबरच केशरी सुक्या जर्दाळूचं पाकीटही वाचावं. त्यात सल्फाइट वाइनपेक्षा कितीतरी जास्त असू शकतं.