वाऱ्याची ओळ

यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी कृषी हवामान सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते आणि पुढच्या पाच दिवसांचा अंदाज सांगते. 2008 साली हवामान विभागाने जिल्हावार अंदाज द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून आपली नजर जाते ती पावसाच्या मिलिमीटरवरच. ते साहजिकही आहे, कारण 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हा सल्ला चुकवला की दुबार पेरणी ठरलेली. खालची वाऱ्याची ओळ मात्र वाचल्याविनाच राहायची.

मग 2017 चा खरीप आला. पराटी डोक्याएवढी झाली होती आणि फवारणीचा फवारा थेट तोंडावर येत होता. विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पोचले. औषधांची मिश्रणं, दिवसभराची फवारणी, अंगावर ना मास्क ना हातमोजे, अशी कारणं बरीच होती. सगळा दोष वाऱ्यावर टाकता येणार नाही. पण फवारा कुठे जाणार हे वाराच ठरवतो, आणि त्याचा अंदाज पत्रिकेत असतो.

तो कसा वाचायचा? समजा, शुक्रवारच्या पत्रिकेत शनिवारी पाऊस 2 मिमी, वारा ताशी 18 किमी. रविवारी पाऊस शून्य, वारा 9, दिशा 270. सोमवारी पाऊस 22 मिमी. पाऊसच पाहणारा शनिवारीच पंप उचलेल, कारण 2 मिमी म्हणजे नुसता शिडकावा. पण 18 च्या वाऱ्यात औषध शेजारच्या धुऱ्यावर आणि आपल्या अंगावर जातं. सोमवारचा पाऊस औषध धुऊन नेईल. उरला रविवार, तोही सकाळचा. त्याआधी पीकनिहाय सल्ला पाहावा: कपाशीत रसशोषक किडींनी नुकसानीची पातळी ओलांडली नसेल, तर रविवारीही फवारू नये.

दिशेचे अंश वारा कुठून येतो ते सांगतात. 270 म्हणजे पश्चिमेकडून. तासं उत्तर-दक्षिण असतील तर पूर्वेच्या धुऱ्यापासून सुरुवात करावी, नोझल पूर्वेकडे धरावा आणि एकेक तास पश्चिमेकडे सरकत जावं. मग फवारलेली पराटी मागे राहते आणि औषधाचा ढग आपल्यापासून दूर जातो.

वणीपासून उमरखेडपर्यंत पसरलेल्या जिल्ह्याला एकच आकडा, ही या पत्रिकेची मर्यादा आहे. वेगही दिवसभराचा असतो, तासातासाचा नव्हे. शिवाय तो उघड्यावर दहा मीटर उंचीचा, पराटीच्या तासातला नाही. त्यामुळे पत्रिकेवरून दिवस निवडावा आणि वेळ शेतात उभं राहून ठरवावी. पानं नुसती हलली तर चालेल. बारीक फांद्या डोलू लागल्या की टाकीत औषध उरलेलं असलं तरी फवारणी थांबवावी.