तिसऱ्या भेटीतच ‘घरी ये’ म्हटलं तर

‘गणपतीला घरी ये ना, आई-बाबाही भेटतील.’ विवाहविषयक साइटवर ओळख झाली, दोन-तीनदा कॉफी झाली, की भाद्रपदाच्या तोंडावर हे आमंत्रण हमखास येतं. बोलावणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण गणपतीत घरी फक्त आई-बाबा नसतात. आत्या, मावशी, शेजारच्या काकू असे सगळे आरतीला हजर असतात. त्यांच्या लेखी तुम्ही दर्शनाला आलेली मैत्रीण नसता, ‘दाखवायला आणलेली मुलगी’ असता. निघताना कुणी हातात पाकीट ठेवलं, तर नको म्हणणंही अवघड होतं.

घाई बहुतेकदा त्याची नसते, घरच्या कॅलेंडरची असते. गणपतीनंतर लगेच पितृपक्ष लागतो आणि त्या पंधरवड्यात बरीच घरं लग्नाची बोलणी काढत नाहीत. पुढे नवरात्र, दिवाळी, आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू. त्याआधी मुलगी पाहून घ्यावी असं आईला वाटतं. म्हणून आधी त्यालाच विचारा, ‘घरी माझ्याबद्दल काय सांगितलंयस?’ ‘एक मैत्रीण’ आणि ‘जवळजवळ ठरलंय’ या दोन उत्तरांत फार अंतर आहे.

मग नकार द्यायचा तो भेटीला, माणसाला नाही. मेसेजवर नको, फोनवर किंवा समोरासमोर सांगा, आणि तेही लवकर. घरी ‘ती येणार आहे’ असं जाहीर झाल्यावर त्याची पंचाईत होते. बोलणं साधारण असं असावं: ‘तू बोलावलंस, बरं वाटलं. तुझ्यासोबत वेळ छान जातो. पण घरच्यांना भेटले की गोष्ट दोन घरांची होते, आणि मला आधी आपण दोघांनी एकमेकांना नीट ओळखायचंय. नोकरी, पैसा, लग्नानंतर राहायचं कुठे, हे आपलं अजून बोलणंच झालेलं नाही. दिवाळीपर्यंत भेटत राहू आणि मग घरच्यांचं ठरवू. चालेल?’

यात मुदत आहे, ती महत्त्वाची. नुसतं ‘इतक्यात नको’ म्हटलं, तर समोरचा त्याचा अर्थ नकार असा लावतो. आणि ऑफिसच्या कामाचं निमित्त तर सांगूच नका. काम संपलं की आमंत्रण पुन्हा येणार, आणि दुसऱ्या निमित्तावर कुणी विश्वास ठेवत नाही. मन आधीच नाही म्हणत असेल, तर दिवाळीची मुदत देऊन त्याला टांगणीला ठेवू नका. तेव्हाच स्पष्ट सांगा.

‘आईला काय सांगू?’ असं तो विचारेल. ‘ओळख नवी आहे, थोडा वेळ घेतोय’ एवढं पुरतं, आणि ते त्यानेच सांगायला हवं. ऐकून तो थोडा हिरमुसला, तरी पुढच्या भेटीची वेळ ठरवत असेल तर काळजीचं कारण नाही. पण तुम्हाला न विचारता त्याने आईच्या हाती फोन दिला, किंवा कॉफीला ताईला सोबत आणलं, तर तुमचं म्हणणं त्याने ऐकलेलं नाही. अशा वेळी दिवाळीपर्यंत थांबू नका.