उभं राहता येतं, खाली बसता येत नाही

नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाच्या लसीसाठी बाळाला नागरी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं. नवी मुंबईतल्या अशा कुठल्याही केंद्राच्या बाकावर आयांच्या गप्पा रंगल्या, की एक तक्रार हमखास निघते. रात्री दोनला बाळ कॉटचा कठडा धरून उभं राहतं आणि भोकाड पसरतं. आडवं केलं की पाठ टेकण्याआधीच पुन्हा उभं. यावर शेजारच्या बाकावरून निदानही तयार असतं: हट्टी झालंय, लाडावलंय, पोट भरलेलं नसेल.

यातलं हट्टाचं निदान सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत चुकीचं. बहुतेक वेळा बाळ उभं राहून रडतं, कारण त्याला खाली कसं यायचं ते ठाऊक नसतं. आपल्याला वाटतं, चढता आलं म्हणजे उतरताही येणारच. शरीराच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी कामं आहेत. वर येताना बाळ हातांनी कठडा ओढतं आणि पायांवर जोर देतं. पहिल्या दिवसांत तर बराचसा भार हातच उचलतात. खाली येताना नेमकं उलटं करावं लागतं. पकड सैल करायची, ढुंगण मागे न्यायचं आणि गुडघे हळूहळू वाकवायचे. त्या वेळी मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलून धरतात. खारघरच्या टेकडीवरून उतरताना आपल्या मांड्या थरथरतात, त्या याच प्रकारच्या कामामुळे. शिवाय बाळाला मागचं दिसत नसतं, म्हणजे न दिसणाऱ्या जागेत स्वतःला सोडून द्यायचं असतं. म्हणून ते गुडघे ताठ ठेवून कठडा आणखी घट्ट धरतं. उभं राहायला लागल्यानंतर उतरण्याची युक्ती जमायला साधारण दोन-तीन आठवडे जातात, काहींना जास्तही.

मग हे नेमकं रात्रीच का? रात्रीत आपण सगळेच मधूनमधून अर्धवट जागे होतो आणि कूस बदलून झोपतो. बाळाचं झोपेचं चक्र तासाभराच्या आतबाहेरचं असल्याने त्याला अशी जाग वारंवार येते. एरवी ते कुशीवर वळून झोपलं असतं. पण अंगात नवीन कसब आलेलं असलं, की पुरतं जागं होण्याआधीच हात कठड्याकडे जातात. इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातल्या अनात शेर यांनी रांगणं, उभं राहणं आणि झोप यांचा संबंध अभ्यासला आहे. नवीन हालचाल शिकण्याच्या काळात झोप काही काळ विस्कटते आणि नंतर तिची घडी पुन्हा बसते, असं त्यांना आढळलं. त्यामुळे ‘पोट भरत नाही, झोपताना बाटली लावा’ हा सल्ला येथे लागू पडत नाही. उभ्या बाळाला दर वेळी दूध दिलं, तर खाली येणं शिकायचं राहतं आणि दुधाची सवय मात्र लागते.

कोपरखैरण्यातलं एक घर कल्पून पाहू. वडील वाशीच्या भाजी मार्केटमध्ये कामाला, म्हणजे मध्यरात्रीच घराबाहेर. घरात आई, साताऱ्याहून आलेली आजी आणि उभं राहणारा नातू. आजी म्हणते, “अगं, एवढ्यात उभा करू नकोस त्याला, पाय फेंगडे होतील.” सून म्हणते, “आई, मी कुठं उभा करते? तोच उभा राहतो.”

सुनेचं बरोबर आहे. स्वतःहून उभं राहिल्याने पाय वाकत नाहीत. या वयात बहुतेक बाळांचे पाय मुळातच थोडे बाहेरून वाकलेले दिसतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत सरळ होत येतात. आजीच्या भीतीमागे एक खरी गोष्ट आहे, ती मुडदूस. पण तो ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो, उभं राहण्याने नाही. त्यासाठी पहिल्या वर्षी डॉक्टर रोज ४०० युनिटांचे थेंब देतात, ते चुकवू नयेत. एकच पाय वाकलेला असेल किंवा दोन वर्षांनंतर वाक वाढत असेल, तर दाखवावं.

आता उपाय. तो रात्री नाही, दिवसा करायचा असतो. या घरातल्या आईने बाळाला दिवाणाला धरून अनवाणी उभं राहू द्यावं आणि आवडता डबा त्याच्या बाजूला एका पाटावर ठेवावा. मागे ठेवू नये, बाजूलाच ठेवावा, म्हणजे ते एक हात सोडून वळतं आणि एक गुडघा आपोआप वाकतो. हे जमलं की डबा जमिनीवर. मागे बसून हात कमरेवर ठेवावेत आणि ढुंगण किंचित मागे-खाली न्यायला मदत करावी. दिवसातून तीन-चारदा पाच-पाच मिनिटं पुरतात. हाताला धरून मात्र वर-खाली ओढू नये, या वयात झटक्याने कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं. वॉकरने हे शिकता येत नाही. त्यात बाळ बसल्या बसल्याच फिरतं आणि उतरण्याचा प्रसंगच येत नाही. वॉकरमुळे होणारे अपघात पाहून कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

रात्री बाळ उभं राहिलं तर मिनिटभर थांबावं, कधी कधी ते स्वतःच खाली येतं. नाही आलं तर दिवा न लावता, गप्पा न मारता गुडघे वाकवून बसवावं, मग आडवं करावं. चार-पाच वेळा आडवं करूनही उभंच राहिलं, तर त्याचा खेळ झालेला असतो. अशा वेळी बाजूला बसून गादीवर नुसतं थोपटावं आणि त्याच्या हाताला कठड्याच्या दांड्यांवरून खाली सरकायची वाट दाखवावी.

‘रडू दे, दमेल आणि पडेल’ असंही कोणी म्हणतं. पडण्याचा खरा धोका कॉटच्या आत फारसा नसतो, आतल्या आत बाळ बहुधा ढुंगणावरच आपटतं. धोका आहे कठड्यावरून बाहेर पडण्याचा. म्हणून बाळ बसायला लागलं की गादी सर्वांत खालच्या पातळीला न्यावी. उशा, मोठी खेळणी, गुंडाळलेली गोधडी काढावी, त्यांची पायरी होते. दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, चाकं लॉक असावीत. आपल्या छोट्या फ्लॅटमध्ये कॉट हवेसाठी खिडकीला लावली जाते, पण ग्रिल आणि पडद्याची दोरी हाताला लागतील अशी ती ठेवू नये. झोळी तर आता सोडायलाच हवी, तिच्या कडेवर जोर देऊन बाळ उभं राहिलं की ती उलटते. कठडा उभ्या बाळाच्या छातीला लागायला लागला, की कॉटचाही काळ संपला.

शेजारचं बाळ उभं राहतं, आपलं नाही, ही उलटी चिंताही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या अभ्यासात, ज्यात भारतातली मुलंही होती, आधाराने उभं राहण्याचा काळ सुमारे पाच ते साडेअकरा महिन्यांत पसरलेला दिसला. वर्षाचं होऊनही बाळ आधाराने उठत नसेल, एकाच बाजूने जोर लावत असेल, कायम चवड्यांवर ताठ राहत असेल किंवा आधी जमणारं आता जमेनासं झालं असेल, तर पुढच्या लसीची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.