शीत आघाडीतला पाऊसही उष्ण हवेचाच

थंड हवा आणि गरम हवा यांची टक्कर झाली की पाऊस पडतो, असं शाळेत कधीतरी शिकलेलं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यातूनच पुढचे समज तयार होतात. उष्ण आघाडी म्हणजे ऊन आणि उकाडा, शीत आघाडी म्हणजे पाऊस आणि गारठा. युरोप-अमेरिकेतल्या हवामानाच्या नकाशावर लाल अर्धवर्तुळांची रेषा दिसली की तिथे छान उबदार दिवस असणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या लाल रेषेच्या पुढच्या पट्ट्यात लोक कोट घालून, छत्री घेऊन रिपरिप पावसात उभे असतात.

गैरसमज : हवा ही हवाच, दोन हवा भेटल्या की लगेच मिसळतात

सैबेरियाच्या किंवा उत्तर कॅनडाच्या बर्फाळ मैदानावर हवा काही दिवस जवळजवळ हलत नाही. खालची जमीन तिची उष्णता शोषून घेते आणि हजारो किलोमीटर पसरलेला एकसारख्या थंड, कोरड्या हवेचा मोठा साठा तयार होतो. उष्ण समुद्रावर रेंगाळलेल्या हवेचं याच्या उलट होतं. अशा साठ्याला वायुराशी म्हणतात. तिच्यात शे-दोनशे किलोमीटर फिरलं तरी तापमान आणि दमटपणा फारसा बदलत नाही.

अशा दोन राशी शेजारी आल्या की त्या सहजासहजी मिसळत नाहीत, कारण त्यांचं वजन वेगळं असतं. समुद्रसपाटीला शून्य अंशाची एक घनमीटर कोरडी हवा सुमारे १.२९ किलो भरते. २५ अंशांची सुमारे १.१८ किलो. फरक नऊ टक्क्यांच्या आसपास. जड हवा खाली राहते, हलकी तिच्यावर चढते आणि दोघींमध्ये एक तिरकी सीमा उभी राहते. नकाशावरची रेषा म्हणजे ही तिरकी सीमा जमिनीला जिथे टेकते ती जागा, एवढंच. तीही काटेकोर रेषा नसते. अनेकदा तो काही दहा किलोमीटर रुंदीचा पट्टा असतो.

आता पाण्याचा हिशेब. २५ अंशांची हवा एका घनमीटरमध्ये साधारण २३ ग्रॅम बाष्प ठेवू शकते, शून्य अंशाची जेमतेम पाच ग्रॅम. म्हणजे आघाडी उष्ण असो वा शीत, पाऊस होण्याजोगं पाणी बहुतेक वेळा उष्ण हवेकडेच असतं. थंड हवेचं काम तिला उचलण्याचं. पुढे सगळा फरक पडतो तो ही उचल हळू होते की झटक्यात, यामुळे.

गैरसमज : उष्ण आघाडी आली की हवा उबदार आणि आकाश मोकळं होतं

आघाडीला उष्ण किंवा शीत हे विशेषण तिथल्या हवामानावरून मिळत नाही. कोण पुढे सरकतं आहे, त्यावरून ते ठरतं. उष्ण हवा पुढे येत असेल आणि थंड हवा माघार घेत असेल, तर ती उष्ण आघाडी.

माघार घेणारी थंड हवा जमिनीवर रेंगाळते, तिचा पातळ कोपरा मागे राहतो आणि उष्ण हवा त्यावरून चढत जाते. हा चढ फार सौम्य असतो. दीडशे किलोमीटरला एक किलोमीटर असा धरून चालू. उष्ण हवा त्या उतारावर सेकंदाला पाच मीटर वेगाने चढत असेल, तर ती प्रत्यक्षात वर जाते सेकंदाला तीनेक सेंटिमीटर, म्हणजे तासाला शंभर-सव्वाशे मीटर. ‘टक्कर’ हा शब्द इथे शोभत नाही.

समजा आपण इंग्लंडमध्ये हिवाळ्यात उभे आहोत आणि अटलांटिकवरून उष्ण आघाडी ताशी तीस किलोमीटर वेगाने येते आहे. ती अजून नऊशे किलोमीटर लांब असतानाच आपल्या डोक्यावर, सहा किलोमीटर उंचीवर, उष्ण हवा पोचलेली असते. तिथे तिच्यातलं बाष्प गोठून सिरस ढगांचे पांढरे तंतू दिसतात. खाली मात्र थंडी तशीच, वारा आग्नेयेचा, वायुभारमापक हळूहळू उतरू लागलेला. आघाडी यायला तीस तास बाकी. पुढे सिरोस्ट्रेटसचा पातळ पडदा पसरतो आणि सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. मग आल्टोस्ट्रेटसचा थर येतो. त्यातून सूर्य दुधी काचेतून पाहावा तसा अंधुक दिसतो. आघाडी तीनशे किलोमीटरवर आली की ती तिरकी सीमा आपल्यावर दोन किलोमीटर उंचीवर असते. निम्बोस्ट्रेटसचा राखाडी थर आकाश भरून टाकतो आणि पाऊस लागतो. तो मुसळधार नसतो, पण थांबतही नाही. तीनशे किलोमीटरचा पट्टा ताशी तीस किलोमीटरने सरकायला दहा तास लागतात.

हे दहा तास आपण थंड हवेतच उभे असतो. पाऊस उष्ण हवेतून पडतो, आपल्या भोवतीच्या थंड हवेतून खाली येतो आणि तिथे काही अंशी बाष्प होऊन तिला आणखी गार व ओलसर करतो. त्यामुळे खाली धुकंही पडतं. आघाडी आपल्यापाशी पोचते तेव्हा मुख्य पाऊस संपलेला असतो, वारा नैर्ऋत्येचा होतो, वायुभाराची घसरण थांबते आणि मग तापमान चढू लागतं. हे मध्यरात्री घडलं, तर रात्री बारा वाजता दुपारी बारापेक्षा जास्त ऊब असते. लंडन किंवा मँचेस्टरला राहणारे नातेवाईक फोनवर हे सांगतात तेव्हा आपल्याला ते चेष्टा करताहेत असं वाटतं. तिथल्या हिवाळ्यात यात नवल काही नाही.

उष्ण आघाडी गेल्यावर स्वच्छ ऊन पडेलच, हेही खरं नाही. समुद्रावरून आलेली दमट हवा थंड जमिनीवर पसरली, तर खालच्या ढगांचं छत आणि झिमझिम तशीच राहते.

गैरसमज : शीत आघाडी म्हणजे थंडी घेऊन आलेला लांबलचक पाऊस

शीत आघाडीत थंड हवा हल्लेखोर असते. जमिनीच्या घर्षणामुळे तिचा खालचा भाग मागे रेंगाळतो आणि नाक वर उभं राहतं, म्हणून तिचा उतार उष्ण आघाडीपेक्षा साधारण दुप्पट तीव्र असतो. नाकाशी तर त्याहूनही उभा. ती पाचरीसारखी उष्ण हवेखाली घुसते आणि तिला झटकन उचलते. उष्ण हवा दमट आणि अस्थिर असली, तर रेषेच्या जवळपास क्युम्युलोनिम्बसची रांग उभी राहते. विजा, गारा, सोसाट्याचा वारा आणि जोरदार सरी येतात, पण पट्टा अरुंद असतो. पन्नास-शंभर किलोमीटरचा पट्टा ताशी पन्नासच्या वेगाने तास-दोन तासांत निघून जातो. त्यानंतर वारा वायव्येचा होतो, वायुभार उसळी घेतो, आकाश फाटतं आणि दृष्टी दूरवर पोचते.

तापमानाचा झटका किती मोठा असू शकतो, याचं उदाहरण ११ नोव्हेंबर १९११चं आहे. त्या दिवशी अमेरिकेच्या मध्यभागात मेक्सिकोच्या आखातावरची ऊबदार हवा उत्तरेपर्यंत पसरलेली होती आणि कॅनडाकडून आलेली थंड हवा तिच्याखाली घुसली. ओक्लाहोमा सिटीत दुपारी पारा २८ अंश सेल्सिअसवर होता. मध्यरात्रीपर्यंत तो उणे ८ वर आला. मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये २७वरून उणे ११पर्यंत घसरण झाली. या दोन्ही शहरांत त्या तारखेचा उच्चांक आणि नीचांक एकाच दिवशी नोंदला गेला. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलजवळ त्याच दिवशी टोर्नेडोने नऊ जणांचे प्राण घेतले आणि ढिगारे उपसणाऱ्यांना थोड्याच वेळात हिमवादळाने गाठलं.

पहिला तडाखा आघाडीचा होता. मध्यरात्रीपर्यंत चालू राहिलेली घसरण मात्र तिच्या मागून अधिकाधिक उत्तरेची हवा येत राहिल्यामुळे झाली. पाऊस संपला म्हणजे पारा स्थिर झाला, असं शीत आघाडीत धरता येत नाही.

त्या दिवशी नोंदी करणाऱ्यांकडे या घटनेसाठी ‘आघाडी’ ही कल्पनाच नव्हती. ती तयार झाली नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये. पहिल्या महायुद्धात परदेशांतून येणाऱ्या हवामान-नोंदी आटल्या, तेव्हा हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी किनाऱ्यावर निरीक्षकांचं दाट जाळं उभारलं. जवळजवळच्या ठाण्यांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर त्यांचा मुलगा याकोब याला वादळांच्या आत या सीमा दिसल्या. १९१९ साली त्याने त्यावर निबंध लिहिला. शीत आघाडी वेगवान असल्याने उष्ण आघाडीला मागून गाठते, हे तोर बेर्येरोन या तरुण सहकाऱ्याने ओळखलं. त्यातून तयार होणारी जोड-आघाडी नकाशावर जांभळ्या रंगात दाखवतात.

या साच्याला मर्यादा आहेत. उष्ण हवा मुळात कोरडी असेल, तर शीत आघाडी एक ढगही न आणता जाते. उष्ण आघाडीच्या थरांत अस्थिर हवा असेल, तर तिथेही विजा चमकतात. उन्हाळ्यात आघाडीपूर्वी आकाश ढगाळ आणि नंतर कडक ऊन असेल, तर शीत आघाडीनंतर दुपारचा पारा उतरण्याऐवजी थोडा चढूही शकतो. म्हणून जाणकार केवळ तापमानावर विसंबत नाहीत. वाऱ्याची दिशा, वायुभाराचा वळणबिंदू आणि दवबिंदू हे तिन्ही एकाच सुमाराला बदलले, तर आघाडी गेली असं समजतात.

गैरसमज : आपला पाऊसही आघाड्यांचाच

महाराष्ट्राला हा साचा लावण्याचा मोह टाळावा. सह्याद्रीवरचा मोसमी पाऊस डोंगराने उचललेल्या सागरी हवेचा असतो. वैशाखातला वळीव तापलेल्या जमिनीवरून वर झेपावणाऱ्या हवेचा असतो. इकडे चंद्राला खळं दिसलं, तर वर बर्फकणांचा पातळ ढग आहे एवढंच कळतं. मागून उष्ण आघाडी येते आहे, असं त्यावरून ठरत नाही.

आघाड्यांशी आपलं नातं येतं ते हिवाळ्यात आणि तेही लांबचं. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात पाऊस-बर्फ पाडतात आणि ते पुढे गेले की मागून उत्तरेचे वारे वाहून नाशिक-निफाडकडे पारा घसरतो. इथवर येईपर्यंत ती हवा जमिनीवरून तापत आलेली असते आणि बहुतेक वेळा ढगांची रांगही सोबत नसते.

बंगालच्या उपसागरातल्या आणि अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांना तर आघाडी नसतेच. ती एकाच उष्ण, दमट वायुराशीत जन्मतात, त्यांना ऊर्जा समुद्राच्या बाष्पातून मिळते आणि त्यांचा गाभा भोवतीच्या हवेपेक्षा उबदार असतो. त्यामुळे त्यांच्या नकाशावर निळी किंवा लाल रेषा काढण्याचं कारणच उरत नाही.