कोरा शोध अहवाल आणि मूळ दस्त

मंडळी, उस्मानपुऱ्यातल्या एका जुन्या अपार्टमेंटमधला फ्लॅट तुम्ही घेताय असं समजू. विकणाऱ्याने तो 2009 साली घेतला. तो तुमच्या हातात खरेदीखताची झेरॉक्स ठेवतो आणि वकिलाचा शोध अहवाल दाखवतो. अहवालात बोजा नाही. मग व्यवहार करायचा का? थोडं थांबा.

आधी नोंदणीचा शिक्का बघा. दस्ताच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधक कार्यालयाच्या शिक्क्यात दस्त क्रमांक, वर्ष आणि पान क्रमांक असतो. एकही पान गाळलेलं नको. जिल्ह्याचं नाव औरंगाबाद दिसेल, ते बरोबरच आहे. नाव नंतर बदललं. आता तोच क्रमांक आणि वर्ष घेऊन नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावरून सूची दोन काढा. लिहून देणारा, लिहून घेणारा, क्षेत्रफळ, मोबदला, भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणीची तारीख, हे सगळं दस्ताशी जुळलं पाहिजे. दस्तातला एखादा आकडा बदललेला असेल, तर तो इथे उघडा पडतो.

आता बोजा. सूचीत दिसतो तो नोंदणीसाठी आलेला दस्त. पण समजा, या गृहस्थाने 2010 मध्ये मूळ खरेदीखत बँकेत ठेवून कर्ज काढलं. कागद ठेवूनही गहाण होतं, त्यासाठी नोंदणीकृत गहाणखत लागतंच असं नाही. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत निबंधकाकडे देण्याचं बंधन 1 एप्रिल 2013 पासून आलं. म्हणजे 2010 चं कर्ज शोधात न दिसणं अगदी शक्य आहे. वकिलाने काम चोख केलं, तरीही! केंद्राची सेरसाई नावाची नोंदवही आहे, थोडी फी भरून तिथेही शोधता येतं. पण तीही 2011 मध्ये सुरू झाली, त्यामुळे जुनं कर्ज तिथे असेलच असं नाही.

मग ओळखायचं कसं? सोपं आहे. मूळ दस्त मागा. रंगीत झेरॉक्स नको, आणि निबंधकाकडची प्रमाणित नक्कलही पुरत नाही, कारण मूळ दस्त बँकेत असतानाही नक्कल मिळते. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे मूळ दस्त समोर हवेत.

प्रश्न आलाय, "सर, मालक म्हणतो दस्त हरवला, तर?" तर पोलिसांतली तक्रार मागा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा आणि सोसायटीकडे बँकेच्या बोजाची नोंद आहे का, ते लेखी विचारा. तोवर बयाणा देऊ नका.

आणि कर्ज निघालंच, तर व्यवहार मोडायलाच हवा असं नाही. बाकी रक्कम किती आणि कोणते मूळ कागद बँकेकडे आहेत, याचं पत्र बँकेकडून घ्या. तेवढे पैसे मालकाच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरा. बेबाकी दाखला आणि मूळ दस्त हातात आले की मगच उरलेली रक्कम द्या.