गोळ्या किती उरल्यात, मावशी?

प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या रुग्णाला एका वेळी साधारण महिनाभराच्या गोळ्या देतात आणि कार्डावर पुढची तारीख लिहितात. त्या तारखेला रुग्ण आला नाही, तर नर्सने त्याला फोन करायचा असतो. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात अगदी सुरुवातीला आले. तिथल्या नर्सताईंना तारीख चुकलेल्यांची यादी हे रोजचंच काम झालं. हा फोन दोन-चार मिनिटांचाच असतो, पण त्यात काय बोलायचं आणि कोणत्या क्रमाने बोलायचं, हे आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं.

लिहून ठेवलं नाही तर तोंडून हमखास पहिलं वाक्य निघतं, “तुम्ही आला का नाहीत?” हा प्रश्न नर्सला साधा वाटतो, पण पलीकडच्या माणसाला तो जाब विचारल्यासारखा ऐकू येतो. मग “येतो की उद्या” एवढं बोलून तो फोन ठेवतो, आणि नर्सच्या वहीत ‘येणार’ अशी नोंद होते. रुग्ण काही येत नाही.

म्हणून चांगल्या संवादलेखात भेटीच्या आधी गोळ्यांची चौकशी येते. साताऱ्याकडची एक मावशी डोळ्यांपुढे आणू. वय ५८, शेतमजुरी करणारी. तिला ३ नोव्हेंबरला रोज एक याप्रमाणे अॅम्लोडिपिनच्या ३० गोळ्या दिल्या होत्या. पुढची तारीख २ डिसेंबर होती. ती आली नाही. ९ डिसेंबरला संध्याकाळी, रानातून माणसं घरी परतल्यावर, नर्स फोन लावते.

फोन सून उचलते. इथे पहिली खबरदारी घ्यायची. बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो मुलाच्या किंवा सुनेच्या हातात असतो. रुग्णाला काय आजार आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे त्यांना सांगायचा नर्सला अधिकार नाही. तेव्हा ती एवढंच म्हणते, “मी आरोग्य केंद्रातून सिस्टर बोलतेय. मावशींशी बोलायचं होतं, आहेत का घरात?” मावशी फोनवर आल्या की त्यांचं पूर्ण नाव आणि गाव विचारून खात्री करायची. हल्ली फसवणुकीच्या फोनांना लोक घाबरतात, ते योग्यच आहे. म्हणून नर्सने आपण होऊन सांगावं: “मी पैसे, आधार नंबर, ओटीपी यातलं काहीही विचारणार नाही. शंका वाटली तर फोन ठेवा आणि तुमच्या आशाताईंकडून खात्री करून घ्या.”

मग पुढचं बोलणं.

“मावशी, दोन मिनिटं बोलायला वेळ आहे ना? तब्येत कशीय?”

“बरी हाय की सिस्टर.”

“गोळ्यांचं पाकीट जवळ असंल तर हातात घ्या. किती उरल्यात, मोजून सांगता?”

“एक पाकीट आख्खं हाय, आन् दुसऱ्यात चार.”

म्हणजे १४ गोळ्या शिल्लक. ३० मधून १४ गेल्या, उरल्या १६. ३ नोव्हेंबरपासून रोज एक घेतली असेल, तर मावशींची शेवटची गोळी १८ नोव्हेंबरला झाली. आज २१ दिवस त्या गोळीविना आहेत. “गोळ्या वेळेवर घेता ना?” असं विचारलं असतं तर बहुतेक “व्हय” असंच उत्तर आलं असतं. मोजलेल्या गोळ्यांवरून खरी गोष्ट समजते, आणि मावशींना खोटं बोलण्याची वेळही येत नाही. अर्थात मधूनमधून एखादा दिवस चुकला असेल तर हिशोब बदलतो, म्हणून शेवटची गोळी कधी घेतली हेही विचारायचं.

“मधी थांबवल्या का मावशी? पुष्कळ जण थांबवतात, काही ना काही अडचण असते. सांगा मोकळेपणानं.”

“गावात शिबिर झालं व्हतं. तिथं १२८ आन् ८२ भरलं. नारमल हाय म्हणाले. मग कशाला उगं गोळ्या?”

गोळी सुटण्याचं हे नेहमीचं कारण आहे. १२८/८२ हा आकडा गोळीमुळे आलेला होता. अॅम्लोडिपिन शरीरातून हळूहळू निघून जातं. त्यामुळे गोळी बंद केल्यावर रक्तदाब काही दिवसांत सावकाश वर चढतो, आणि तो चढताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मावशींना खरोखर बरंच वाटत असतं. त्यामुळे “अशानं लकवा होईल” असं घाबरवून उपयोग नाही. नर्सने म्हणावं, “ते १२८ गोळीनंच ठेवलं होतं, मावशी. गोळी गेली की आकडा परत चढतो, आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही.” एवढं पुरे. यापुढे भाषण नको.

आता संवादलेखातला माझ्या मते सगळ्यांत मोलाचा प्रश्न: “आणखी काही त्रास होत होता का?”

थोडं थांबून मावशी सांगतात, “पाय सुजत व्हतं सांजच्याला. घोट्यापाशी.”

पहिल्या कारणामागे दुसरं दडलेलं होतं. घोट्यांना सूज येणं हा अॅम्लोडिपिनचा माहीत असलेला परिणाम आहे. मात्र अशी सूज हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारातही येते, त्यामुळे फोनवर “काही नाही, होतं असं” म्हणून सोडून देता येत नाही. डॉक्टरांनी पाय पाहिले, तर गोळीचं प्रमाण किंवा गोळीच बदलता येते. हा प्रश्न विचारला नसता, तर मावशी एकदा येऊन गोळ्या घेऊन गेल्या असत्या आणि आठवड्याभरात पुन्हा थांबल्या असत्या.

फोनवरून गोळी पुन्हा सुरू करायला सांगायची की आधी तपासायचं, हे नर्सने स्वतः ठरवायचं नाही. “डॉक्टरांना विचारून आजच परत फोन करते. तोवर सुटलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एकदम दोन-तीन घेऊ नका.” त्याआधी धोक्याची चौकशी मात्र कुणाचीही चुकवायची नाही: छातीत दुखतंय का, दम लागतोय का, तोंड वाकडं झालं किंवा हात-पाय लुळा पडला का, बोलताना जीभ जड होते का, अचानक दिसायला कमी झालं का. यातलं एकही आता होत असेल, तर तारखेची गोष्ट तिथंच सोडून १०८ ला फोन करायला सांगायचं.

मावशींना यातलं काही नाही. उरते ती येण्याची अडचण. आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळची, आणि सकाळी गेलं की दिवसाची मजुरी बुडते. इथे नर्सकडे “कसंही करून या” याहून चांगलं उत्तर हवं. गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी मोजून मिळतं का, तिथे गोळ्या आहेत का, आशाताई कोणत्या दिवशी येतात, हे तिच्यापुढे आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. शेवटी ठरलेलं मावशींच्या तोंडून वदवून घ्यायचं: “मग कधी, कुठं यायचं ठरलं आपलं?” “गुरवारी, गावातल्या दवाखान्यात. पाकीट घिऊन.”

ऊसतोडीला गेलेल्या रुग्णाशी बोलणं आणखी वेगळं होतं. त्याला तारीख देऊन भागत नाही. तो आता कोणत्या कारखान्याच्या भागात आहे हे विचारून तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवायला सांगावं लागतं. पुढच्या हंगामाला निघण्याआधी जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावं लागतं.

यादीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी फोन होत नाहीत. अशा वेळी क्रम नावाच्या अक्षरावरून लावू नये. आधी लकवा किंवा हृदयविकार झालेले, मागच्या वेळी १८०/११० किंवा त्याहून वर भरलेले, आणि अॅटेनोलॉलसारखी गोळी घेणारे पुढे घ्यावेत. ती गोळी एकाएकी बंद केली तर हृदयविकाराच्या रुग्णाला धोका असतो. दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी लावूनही फोन लागला नाही, तर नाव आशाताईंकडे द्यावं. वहीत नुसतं ‘फोन केला’ असं लिहू नये. गोळ्या किती उरल्या, कारण काय, काय ठरलं, हे लिहावं, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या सिस्टरला पहिल्यापासून विचारावं लागणार नाही.

तुमच्या घरी बीपीचं कार्ड असेल, तर त्यावरचा फोन नंबर अजून चालू आहे का, एवढं आज पाहा. बदलला असेल तर पुढच्या भेटीत नवा लिहून घ्या.