पेपर बंद, तरी बिल चालूच

बिल का थांबत नाही

सकाळी दारात पेपर टाकणारा मुलगा आणि महिन्याचं बिल करणारा बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात. आपण जिन्यात गाठून मुलाला सांगतो, "उद्यापासून टाकू नकोस." तो टाकत नाही, पण एजन्सीच्या वहीतलं नाव तसंच राहतं आणि पुढचं बिल त्या वहीवरूनच निघतं. म्हणून निरोप मुलाला नको, वही ज्याच्या हाती आहे त्या एजन्सीच्या मालकाला द्यावा, आणि तोही लेखी.

पत्रात काय लिहावं

समजा, जून महिना सोमवारी सुरू झाला आणि तुम्ही १५ तारखेपर्यंतच पेपर घेतला. पेपर रोज ५ रुपये, रविवारी ६, घरपोचचे महिन्याला ३० रुपये. बिल मात्र पूर्ण महिन्याचं, १८४ रुपयांचं आलं. तर असं लिहा:

"मा. मालक, आमच्याकडे येणारा पेपर १६ जूनपासून बंद आहे. १ ते १५ जूनचे १३ अंक ५ रुपयांप्रमाणे ६५ रुपये, रविवारचे २ अंक १२ रुपये आणि घरपोचचे निम्मे १५ रुपये, असे एकूण ९२ रुपये देणं आहे. ते सोबत देत आहे. १८४ रुपयांचं बिल दुरुस्त करावं, वहीतलं नाव कमी करावं आणि पोच द्यावी."

खाली नाव, फ्लॅट क्रमांक, तारीख आणि सही. हिशेब असा मांडून दिला की वाद फार तर घरपोचच्या पंधरा रुपयांवर येतो. पूर्ण महिन्याचं शुल्क घ्यायचं असं आधी ठरलं असेल, तर ते देऊन टाकणंच रास्त.

पोच महत्त्वाची

पत्राच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. सही द्यायला टाळाटाळ झाली, तर पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. पैसे यूपीआयने देताना शेरा लिहा: "१५ जूनपर्यंत, शेवटचं बिल". एक काळजी घ्यायलाच हवी. बंद केल्यावरही पेपर पडला, तर तो उचलून वाचू नका. त्या दिवशीच फोटो काढून एजन्सीला कळवा, नाहीतर "पेपर तर घेत होता" हे त्यांचं म्हणणं खरं ठरतं.

वर्षाची वर्गणी थेट वृत्तपत्राकडे भरली असेल, तर पत्र त्यांच्या वितरण विभागाला जायला हवं. पैसे परत मिळतील की नाही, हे त्या योजनेच्या अटींवर ठरतं.

केबल असेल तर

इथे सेट टॉप बॉक्स मध्ये येतो. पत्रात ग्राहक क्रमांक आणि बॉक्सवरचा क्रमांक लिहा. बॉक्स भाड्याचा असेल तर तो परत करून वेगळी पावती घ्या, नाहीतर बॉक्सच्या नावाने मागणी येत राहते. अनामत दिली असेल तर तीही याच पत्रात मागा.

तरीही बिल आलं तर

पहिल्या पत्राची प्रत जोडून दुसरं पत्र द्या. त्यात सात दिवसांची मुदत घाला. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तक्रार नोंदवताना दोन्ही पत्रं, पोच आणि चुकीचं बिल हाताशी ठेवा.